ब्राउझर नेमके काय तपासतो?

बँकेचे संकेतस्थळ उघडले की, पासवर्ड टाकण्याआधीच, मोबाइल आणि सर्व्हर यांच्यात एक संवाद होतो. हाच टीएलएस हँडशेक. सध्याच्या १.३ आवृत्तीत दोघेही एकेक गुप्त संख्या निवडतात. ती स्वतःजवळच ठेवून तिच्यावरून काढलेली दुसरी संख्या एकमेकांना पाठवतात. आपली गुप्त संख्या आणि समोरून आलेली संख्या वापरून केलेल्या गणिताचे उत्तर दोघांकडे एकच येते. त्यातून त्या सत्रापुरती किल्ली तयार होते. वाय-फायवर कुणी सगळा संवाद ऐकला, तरी किल्ली त्याच्या हाती लागत नाही.

पण समोर बँकच आहे कशावरून? त्यासाठी सर्व्हर प्रमाणपत्र पाठवतो. त्यावरील नाव उघडलेल्या पत्त्याशी जुळते का, मुदत शिल्लक आहे का आणि मोबाइलला मान्य असलेल्या संस्थेपर्यंत सह्यांची साखळी पोहोचते का, हे ब्राउझर पाहतो. प्रमाणपत्राची प्रत कुणाकडेही असू शकते. म्हणून सर्व्हरला याच संवादावर आपल्या खासगी किल्लीने सहीही करावी लागते.

२०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार ही प्रमाणपत्र संस्था हॅक झाली आणि गुगलच्या नावाने बनावट प्रमाणपत्र निघाले. नाव, मुदत, सही सारे बिनचूक होते. इराणमधील जीमेल वापरकर्त्यांवर ते वापरले गेले. गुगलसाठी कोणाची सही चालेल, याची वेगळी यादी क्रोममध्ये होती. म्हणून ते उघडकीस आले.

संकेतस्थळाचा मालक प्रामाणिक आहे का, हे मात्र कुणीच तपासत नाही. बँकेसारखे दिसणारे नाव घेणाऱ्या भामट्यालाही खरे प्रमाणपत्र मिळते. पत्ता अक्षर न् अक्षर वाचणे आपल्यावरच राहते.