न दाबलेल्या जाहिरातीचं श्रेय

दुपारी फोनवर मिक्सरची व्हिडिओ जाहिरात येते. बोट थांबत नाही, ती वर सरकते. रात्री तोच माणूस थेट कंपनीच्या साइटवर जाऊन मिक्सर घेतो. ही विक्री जाहिरातीमुळे झाली का?

मेटाच्या नेहमीच्या मोजणीत जाहिरातीवर क्लिक करून 7 दिवसांत खरेदी झाली, तर श्रेय जाहिरातीला. नुसती नजरेखालून गेली आणि 1 दिवसात खरेदी झाली, तरीही श्रेय तिलाच. गूगल मात्र नुसत्या दिसण्यावरची खरेदी वेगळ्या रकान्यात दाखवतं, मुख्य आकड्यात धरत नाही.

घोळ होतो तो कार्टमध्ये माल टाकून ठेवलेल्यांना पुन्हा जाहिरात दाखवताना. ते तसेही घेणारच होते! पण क्लिकवरच विसंबावं, तर व्हिडिओवर अन्याय होतो. व्हिडिओ पाहता पाहता दुकानात जायला कोण उठतं?

खरं कळतं ते तुलनेतून. समजा, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे 50,000 जणांचे दोन गट पाडले आणि जाहिरात एकालाच दाखवली. तिथे 600 जणांनी मिक्सर घेतला, दुसऱ्या गटात 500 जणांनी. म्हणजे जाहिरातीची कमाई 100. अहवालात मात्र क्लिकच्या 60 आणि नुसत्या दिसण्याच्या 400, अशा 460 विक्री असू शकतात. क्लिकने कमी मोजलं, दिसण्याने भरमसाट.

लहान व्यावसायिकाला इतके ग्राहक मिळत नाहीत, तेव्हा फरक योगायोगाचाही असू शकतो. त्याने निदान दोन्ही आकडे वेगळे मागावेत. बेरजेवर बजेट वाढवू नये.