तूट एक, कारणं दोन

महिनाअखेरीस मॅनेजरच्या टेबलावर कॉस्ट शीट येते. त्यात ‘स्थिर खर्चाची तूट १,९०,००० रुपये’ अशी ओळ दिसली की पहिला हुकूम सुटतो तो खर्चकपातीचा. पण या एका आकड्यात दोन वेगळ्या तफावती असतात आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा असतो.

समजा, शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपमध्ये पंपाच्या बॉडी तयार होतात. शेडचं भाडं, सुपरवायझरांचे पगार, विमा, मशीनचा घसारा हा खर्च काम कमी असो वा जास्त, होतोच. त्याचं महिन्याचं बजेट १२ लाख आणि नेहमीचं उत्पादन १२,००० नग, म्हणून प्रत्येक नगावर १०० रुपये चढवले जातात. या महिन्यात १०,५०० नगच निघाले आणि प्रत्यक्ष खर्च झाला १२,४०,०००. नगांवर साडेदहा लाखच चढले आणि १,९०,००० उरले.

यातले ४०,००० ही खर्चाची तफावत. बजेटपेक्षा तेवढे पैसे खरोखर जास्त गेले. ते कुठे गेले हे एकेका खात्यात पाहावं लागतं. विम्याचा हप्ता वाढला असेल तर मॅनेजरच्या हातात फारसं काही नाही. ठरलेल्या देखभालीपेक्षा जास्त दुरुस्ती निघाली असेल तर त्याचा जाब त्याने द्यायचा. खर्च बजेटपेक्षा कमी आला तरी तपासायला हवं. देखभाल पुढे ढकलून वाचलेले पैसे पुढे ब्रेकडाउनमध्ये जाऊ शकतात.

उरलेले १,५०,००० ही उत्पादनाची तफावत, म्हणजे न निघालेले १,५०० नग गुणिले १००. यात जादा रुपयाही खर्च झालेला नाही. भाडं आणि पगार तेवढेच राहिले, फक्त ते कमी नगांवर वाटले गेले. त्यामुळे हा आकडा खरा तोटाही सांगत नाही. बॉडी ९०० रुपयांना विकली जाते आणि कास्टिंग, टूल, वीज धरून नगामागे ६५० लागतात, असं धरू. ऑर्डर हातात असूनही मशीन बंद पडल्यामुळे नग गेले असतील, तर नगामागे २५० प्रमाणे ३,७५,००० रुपये हुकले. ऑर्डरच नसतील, तर प्रश्न शॉपफ्लोअरचा नसून विक्रीचा आहे.

हा फरक न पाहता मॅनेजरला उत्पादनाच्या तफावतीवरून बोल लावला, तर तो मागणी नसतानाही १२,००० नग काढील. शीटवरची दीड लाखाची तूट गायब होईल. पण गोदामात १,५०० बॉडी पडून राहतील आणि त्यांत ९,७५,००० रुपये अडकतील. ते दीड लाखही वाचलेले नसतील; मालाच्या किमतीत दडून ते पुढच्या महिन्यांच्या हिशेबात उतरतील.

म्हणून खर्चाच्या तफावतीसाठी बिलं आणि व्हाउचर मागवावीत. उत्पादनाच्या तफावतीसाठी ऑर्डर बुक आणि मशीन बंद असल्याची नोंदवही शेजारी ठेवून वाचावीत.