सुपारी फोडण्याआधी

कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला, पत्रिका जुळली, छत्तीसपैकी चोवीस गुण निघाले, मुलगा-मुलगी दोनतीनदा बाहेर भेटून आली. आता घरात एकच प्रश्न उरतो: "मग काय कळवायचं त्यांना?" विचारणारे प्रेमानंच विचारतात. पण उत्तर त्यांना रविवारपर्यंत हवं असतं, कारण तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांना हॉल मिळत नाहीत, मामा महिनाअखेरीस परत जाणार आहेत आणि "एवढं चांगलं स्थळ हातचं जाईल". यातलं एकही कारण त्या दोघांच्या संसाराबद्दल नाही, हे गडबडीत कुणाच्या ध्यानात येत नाही.

अशा वेळी मनात कुठे खुट्ट वाजलं, तर घरातली बाई-माणसं समजूत काढतात. "अगं, सगळ्यांनाच वाटतं असं. मलाही वाटलं होतं." हे खरं आहे का? लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या (यूसीएलए) मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. 232 नवविवाहित जोडप्यांना त्यांनी विचारलं, की लग्न करताना तुम्हाला कधी अनिश्चित वाटलं होतं का? मग चार वर्षं त्यांचा मागोवा घेतला. 2012 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 47 टक्के नवऱ्यांनी आणि 38 टक्के बायकांनी "हो" म्हटलं होतं. म्हणजे काकू अगदीच चूक नाहीत, शंका पुष्कळांना येते. मात्र ज्या बायकांना शंका आली होती, त्यांच्यातल्या 19 टक्क्यांचा चार वर्षांत घटस्फोट झाला. शंका न आलेल्यांमध्ये हे प्रमाण 8 टक्के होतं.

अभ्यास अमेरिकेतला आहे, तिथल्या घटस्फोटाचे आकडे इथे लावता येणार नाहीत. शिवाय शंका आलेल्यांपैकी बहुतेकांची लग्नं टिकलीच. माझ्या मते यातून घ्यायचं ते इतकंच: शंका आली म्हणून स्थळ मोडू नये आणि सगळ्यांनाच येते म्हणून ती गिळूनही टाकू नये. शंकेला प्रश्नाचं रूप द्यावं आणि तो प्रश्न ज्याला विचारायला हवा, त्याला विचारावा.

पण कुठलाही प्रश्न नव्हे. "तुझे छंद काय?", "तुला कशी बायको हवी?" यांची उत्तरं पाठ असतात. खऱ्या प्रश्नाची कसोटी सोपी आहे. उत्तर अमुक आलं तर माझा निर्णय बदलेल का, किंवा निदान पुढे ढकलला जाईल का? नसेल, तर तो नुसता गप्पांचा विषय. आणि उत्तरात रक्कम, तारीख, गाव किंवा माणसाचं नाव यायला हवं. "बघू, होईल सगळं नीट" असं आलं, तर प्रश्न अजून विचारून झालेला नाही.

एक उदाहरण घेऊ. मुलगा पुण्यात आयटीत, मुलगी नाशिकला एका बँकेत. मुलाच्या बायोडाटात 'पुण्यात स्वतःचा टू बीएचके' असं लिहिलेलं, आणि पहिल्याच भेटीत तो म्हणाला, "नोकरी करायची की नाही, तुझी मर्जी." मुलीकडचे खूश. मुलीलाही तो आवडलाय, तरी काहीतरी टोचतंय. काय ते तिला सांगता येत नाही, म्हणून घरचे ते 'उगाच घाबरणं' ठरवतात.

तिसऱ्या भेटीत तिनं विचारलं, की फ्लॅटचा हप्ता किती आणि कधीपर्यंत? त्यानं आढेवेढे न घेता सांगितलं. हातात पगार 85,000. घराचा हप्ता 42,000, अजून सतरा वर्षं. गाडीचा 9,000. साताऱ्याला आईवडिलांना दरमहा 12,000. उरतात 22,000. पुण्यात दोघांचा किराणा, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स, पेट्रोल आणि दोन्ही घरांकडचं येणंजाणं एवढ्यात बसवायचं. म्हणजे मर्जी वगैरे काही नाही, तिचा पगार लागणारच आहे. मुलगा खोटं बोलत नव्हता, त्यानं कधी बेरीज-वजाबाकी करून पाहिलीच नव्हती.

मग तिनं आपलं पान उघडलं. पगार 38,000, त्यातले 10,000 वडिलांच्या औषधांना जातात आणि लग्नानंतरही जाणार. "तुमच्या घरी हे चालेल का?" यावर तो म्हणाला, की मी साताऱ्याला देतो तसंच तू नाशिकला देशील. पण हे त्याच्या आईलाही माहीत हवं, असं तिनं सुचवलं आणि पुढच्या आठवड्यात त्यानं ते आईच्या कानावर घातलं. दोघांचं मिळून महिन्याला 50,000 उरतात, संसार होऊ शकतो. अट एकच, तिची पुण्याला बदली व्हायला हवी. आणि बँकेत बदलीचं कुणी विचारलेलंच नव्हतं!

टोचत होतं ते इथे. मुलाविषयी शंका नव्हतीच, आपली नोकरी सगळ्यांनी गृहीत धरून सोडून दिली होती, त्याची होती. आता "मी तयार आहे का?" या धूसर प्रश्नाला एक ठोस रूप आलं: बदलीचा अर्ज, त्याचं उत्तर, आणि उत्तर नकारार्थी आलं तर पुण्यात दुसरी नोकरी मिळेपर्यंतच्या खर्चाची सोय. वडील दोन वर्षांनी निवृत्त झाल्यावर आईवडील पुण्यात राहायला येणार का, हेही त्याच ओघात निघालं. येणार होते. तिला ते चालणार होतं, फक्त आधी कळायला हवं होतं.

काही प्रश्नांची उत्तरं तर प्रयोगशाळेत मिळतात. थॅलेसेमिया आणि सिकलसेलची रक्ततपासणी त्यांपैकी एक. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात सिकलसेल पुष्कळ आढळतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही.

शंका समोरच्या माणसाविषयीच असेल, तर मात्र बेरीज-वजाबाकी उपयोगाची नाही. त्यासाठी मनातल्या मनात एक करून पाहावं. हॉल नाही, मामा नाही, मागे लग्नाची धाकटी बहीण नाही, नातेवाइकांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही. आता साखरपुडा तीन महिने पुढे गेला असं धरा. चुटपुट लागते, की हायसं वाटतं? हायसं वाटत असेल आणि ते दुसऱ्या दिवशीही टिकत असेल, तर ती नुसती लग्नाची धास्ती नव्हे.

दुसरी गोष्ट खरोखर करून पाहायची. त्या माणसालाच सांगायचं, "मला अजून महिनाभर हवाय." नाराज होण्याचा त्याला हक्क आहे, कारण विचारण्याचाही आहे. पण तो गप्प बसून शिक्षा करतो का, आईला पुढे करतो का, "मग राहू दे" अशी धमकी देतो का, की नाराजी बोलून दाखवून तारीख बदलायला तयार होतो, हे पाहावं. पुढे घर कुठे घ्यायचं आणि मूल कधी यावर मतभेद होतील, तेव्हा तो साधारण असाच वागेल.

घरच्यांना "मी अजून तयार नाही" एवढंच सांगितलं, की ते समजूत काढायला बसतात. "बँकेचं उत्तर वीस तारखेपर्यंत येईल, मग बोलू" असं सांगितलं, तर समजूत कशाची काढणार? वडील फार तर विचारतील, "वीस तारखेला नक्की ना?" आणि हॉलवाल्याला फोन लावतील. तारीख पुढे सरकवायचे तो पैसे कापेल. साखरपुडा करून मोडण्यापेक्षा ते बरेच कमी असतात.