साडेदहाचे इंदूर

उन्हाळ्यात इंदूरचे रंगीत नकाशे वर्तमानपत्रांत झळकतात. राजवाडा-सराफा लालभडक, रेसिडेन्सी आणि डेली कॉलेजचा परिसर हिरवट निळा, खाली अंशांची पट्टी. नकाशा पाहून वाटते की उपग्रहाने गल्लोगल्ली तापमापी लावली असावी. प्रत्यक्षात त्याच्याकडे तापमापी नसते. 705 किलोमीटर उंचीवरून तो जमिनीतून निघणारा अदृश्य प्रकाश मोजतो. त्या प्रकाशाचे अंश करण्याचे काम खाली बसलेल्या माणसाचे, आणि नकाशाचा खरेखोटेपणा त्याच कामात ठरतो.

हे मोजमाप करणाऱ्या उपकरणाचे नाव टीर्स. 2013 साली सोडलेल्या लँडसॅट 8 वर ते आहे आणि 2021 च्या लँडसॅट 9 वर त्याची सुधारित आवृत्ती. त्याचे संवेदक उणे 230 अंशांच्या आसपास थंड ठेवावे लागतात, नाहीतर उपकरणाच्या स्वतःच्या उष्णतेतच जमिनीची उष्णता बुडून जाईल. मजेची गोष्ट अशी की लँडसॅट 8 च्या मूळ आराखड्यात उष्णतेचा पट्टा नव्हताच. अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या राज्यांतल्या पाणीवाटपवाल्यांनी आग्रह धरला, कारण पिके किती पाणी पितात हे ते याच पट्ट्यावरून काढत. शेताच्या पाण्यासाठी वाचलेला हा डोळा आज शहरांची काहिली मोजतो.

त्यात दोन पट्टे आहेत, 10 आणि 11. लँडसॅट 8 मध्ये दृश्याबाहेरचा भरकटलेला प्रकाश आत शिरत असे आणि 11 व्या पट्ट्याला त्याचा जास्त त्रास होता. म्हणून एकट्या 10 व्यावर काम करणारे बरेच. पट्ट्यातल्या प्रत्येक चौकटीला एक अंक असतो. समजा, एका चौकटीचा अंक 30000 आहे. दृश्यासोबत येणाऱ्या माहितीफाइलमधले स्थिरांक वापरून पहिल्या दोन पायऱ्या अशा:

```
L  = 0.0003342 * 30000 + 0.1 = 10.126
TB = 1321.0789 / ln(774.8853/L + 1) = 303.65 K
```

म्हणजे सुमारे 30.5 अंश सेल्सिअस. पण हे आकडे त्या पृष्ठाचे खरे तापमान नव्हेत. चौकटीतली वस्तू आदर्श काळी असती तर तिचे तापमान एवढे असते, इतकेच ते सांगतात. खऱ्या वस्तू आदर्शापेक्षा कमी उत्सर्जन करतात. झाडांच्या छत्राची उत्सर्जनक्षमता 0.98 च्या वर, काँक्रीटच्या स्लॅबची साधारण 0.95. वातावरणाची दुरुस्ती बाजूला ठेवून याच अंकाला 0.986 लावले तर सुमारे 31.5 अंश येतात, 0.95 लावले तर 34.1. अंक तोच, पण उत्तरात अडीच अंशांचा फरक, तोही केवळ ‘इथे काय आहे’ याच्या आपल्या अंदाजामुळे. हिरव्या आणि बांधलेल्या वस्तीतला फरक सांगताना त्यातले किती अंश जमिनीचे आणि किती आपल्या गृहीतकाचे, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

आता पुष्कळजण अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेचे तयार तापमान उतरवून घेतात. त्यात वातावरणाची दुरुस्ती झालेली असते आणि उत्सर्जनक्षमता दुसऱ्या एका उपग्रहाच्या 2000 ते 2008 च्या सरासरीवरून घेतलेली. झाडी वाढली-घटली तर ती जुळवून घेतली जाते. पण सुपर कॉरिडॉरसारख्या भागात तेव्हा काळी माती होती आणि आज स्लॅब आहेत, हे त्या सरासरीला ठाऊक नसते. जुन्या राजवाड्यासाठी ही अडचण फारशी नाही, नव्या वसाहतींसाठी आहे.

सर्वात मोठा चकवा मात्र पत्र्याचा. सांवेर रोडच्या औद्योगिक भागावरचे कोरे, चकचकीत पत्रे दुपारी हात लावू देत नाहीत. तरी नकाशावर ते शेजारच्या सिमेंटच्या छपरांपेक्षा थंड दिसू शकतात. चकचकीत धातू फार कमी उत्सर्जन करतो आणि वरच्या थंड आकाशाचे प्रतिबिंब परत पाठवतो. उपग्रहाला मिळतो तो बराचसा आकाशाचाच थंडावा. गंजलेला किंवा रंगवलेला पत्रा इतका फसवत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. साध्या छायाचित्रात लखलखीत, हिरवाईच्या निर्देशांकात शून्याजवळ, आणि तरीही थंड, अशी चौकट दिसली की तिला तुलनेतून वगळावे. ती ‘थंड वस्ती’ म्हणून अहवालात गेली तर सल्ला उलटाच निघेल.

बारकाईचाही भ्रम असतो. नकाशा 30 मीटरच्या चौकटींत मिळतो, पण टीर्स मुळात 100 मीटरच्या चौकटीत मोजतो. म्हणजे एक हेक्टर. राजवाड्यासमोरची बाग, तिच्या कडेचा रस्ता आणि भोवतालची छपरे मिळून त्याला एकच सरासरी दिसते. रेसिडेन्सीतल्या जुन्या झाडांचे सलग छत्र मात्र त्याला नीट सापडते. म्हणून तुलनेसाठी हिरव्या भागाच्या कडा सोडून पोटातल्या चौकटी घ्याव्यात आणि बांधलेल्या भागातही तसेच करावे. शिवाय आधी सिरपूर तलावाकडे पाहावे. पाण्याची उत्सर्जनक्षमता 0.99 च्या जवळ असल्याने तिथे चुकायला वाव कमी. उन्हाळ्याच्या त्या वेळी तलावाचे पाणी भोवतालच्या जमिनीपेक्षा स्पष्ट थंड आले नाही, तर ढगाचा पातळ पापुद्रा किंवा हिशेबातली गफलत शोधायला लागावे.

आणि वेळ. लँडसॅट इंदूरवरून जातो तो सकाळी साडेदहा ते अकराच्या दरम्यान. सराफ्याच्या अरुंद गल्ल्यांत तेव्हा अजून सावली असते, जाड भिंती तापायच्या असतात. उपग्रहाला दिसतात ती छपरे, भिंती नाहीत. त्या भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्री, सराफ्यात खवय्यांची गर्दी असते तेव्हा, ते सोडत बसतात. जुन्या शहराची रात्रीची ही उष्णता सकाळच्या चित्रात येतच नाही. 2018 पासून अंतराळ स्थानकावर असलेले इकोस्ट्रेस वेगवेगळ्या वेळी, रात्रीही, मोजते. रात्रीची बाजू तपासायची तर तिकडे वळावे लागते.

ऋतूची गोष्ट त्याहून चक्रावणारी. शहर तापले की नाही हे पाहण्याची रूढ रीत म्हणजे शहराच्या तापमानातून भोवतालच्या गावाकडचे तापमान वजा करणे. माळव्यात ही रीत मे महिन्यात कोसळते. गहू-हरभरा निघून गेलेला, सोयाबीनला पावसाची वाट, आणि काळी रानं उघडी. कोरड्या काळ्या मातीत बाष्प होऊन उष्णता नेईल असे पाणी नसते, त्यामुळे ती सकाळीच भाजून निघते. अशा दिवशी वजाबाकी केली तर इंदूर भोवतालापेक्षा थंड निघू शकते. हा केवळ माळव्याचा अपवाद नाही. 2017 साली आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी भारतीय शहरांबद्दल हेच दाखवले: पावसाळ्याआधी दिवसा बहुतेक शहरे भोवतालापेक्षा थंड दिसतात, कारण भोवती हिरवे काही उरलेले नसते. फेब्रुवारीत तीच शेते गव्हाने हिरवी असतात आणि चित्र पालटते. पालटले ते शेत, शहर नव्हे.

म्हणून इंदुरात शहर-खेडे तुलनेपेक्षा शहरातल्याच दोन वस्त्यांची तुलना मला जास्त भरवशाची वाटते. एकाच दिवसाच्या एकाच दृश्यात रेसिडेन्सीची सरासरी आणि सराफ्याची सरासरी, आणि त्यांच्यातला फरक. निरनिराळ्या वर्षांचे निव्वळ अंश शेजारी मांडू नयेत, कारण हवेतली वाफ आणि आदल्या आठवड्याचा पाऊस त्यांत मिसळलेला असतो. फरकाशी फरक ताडावा. झाडी आणि हिरवळ यांनाही एक समजू नये. पाणी न मिळालेली हिरवळ मे महिन्यात उघड्या मातीच्या पंगतीत जाऊन बसते, खोल मुळांचे झाड मात्र पाणी वर खेचून पानांतून सोडत राहते.

या शहराला वस्त्यांची अशी पाहणी नवी नाही. होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून आलेल्या नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी 1918 साली इंदूरवर दोन खंडांचा अहवाल दिला. आजच्या पाहणीकाराने टीर्सच्या आकड्यांबरोबर छत्री घेऊन त्याच गल्ल्यांत साध्या तापमापीने हवाही मोजावी. जमिनीचे 50 अंश म्हणजे हवेचे 50 अंश नव्हेत. वेधशाळा हवा मोजते ती सावलीतल्या पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. पृष्ठ आणि हवा यांतला फरक सराफ्यात किती आणि रेसिडेन्सीत किती, हे उपग्रहाला कळत नाही.