पाच मिनिटांत चार वाक्यं

राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि २५० गुणांच्या निबंधाची धास्ती अभ्यासिकांमध्ये पसरली. ‘लिहायलाच वेळ पुरत नाही, आराखडा कधी करायचा?’ हा प्रश्न हमखास येतो. यूपीएससीचा हिशेब पाहा: तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्द. मिनिटाला पंधरा-सोळा शब्द लिहिणाऱ्याला एका निबंधाला सत्तर-पंचाहत्तर मिनिटं लागतात. नव्वद मिनिटांतून पाच नक्की निघतात.

पण आराखडा म्हणून मुलं ‘प्रस्तावना, कारणे, परिणाम, उपाय, समारोप’ असं लिहितात. हा सांगाडा कुठल्याही विषयाला बसतो, म्हणूनच तो निरुपयोगी आहे. माझा आग्रह एकच: प्रत्येक मुद्दा क्रियापदासकट, पूर्ण वाक्यात लिहा.

समजा, विषय आहे ‘शहरे वाढली, नद्या आक्रसल्या’. पहिल्या मिनिटात त्याचा प्रश्न करा: शहर वाढलं की नदी आक्रसलीच पाहिजे का? उत्तर एका ओळीत लिहा: नाही, नदीची जागा कोरडी दिसते म्हणून आपण ती रिकामी समजतो. पुढची दोन मिनिटं सुचेल ते एकेका शब्दात टिपा: मिठी, २६ जुलै, पानशेत, पूररेषा, सांडपाणी, नमामि गंगे, पुनर्वसन.

चौथं मिनिट काटछाटीचं, आणि सगळ्यात मोलाचं. सांडपाणी आणि नमामि गंगे हे प्रदूषणाचे मुद्दे आहेत, जागेचे नाहीत, काटा. पुण्याच्या मुलाला पानशेतचा मोह सुटत नाही, पण १९६१ चा तो पूर धरण फुटल्यामुळे आला होता. तेही काटा. उरतं ते असं:

१. पूररेषेच्या आतली जमीन नदीचीच असते. ती तिला काही दिवसच लागते.
२. भराव आणि बांधकामांनी मिठीचं पात्र अरुंद केलं, म्हणून २००५ मध्ये पाणी वस्तीत शिरलं.
३. सांताक्रूझला दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, त्यात भरती. रुंद पात्रही पुरलं नसतं, पण हानी कमी झाली असती.
४. काठावरच्या गरिबांना जवळपास घरं दिल्याशिवाय पात्र मोकळं होणार नाही.

आता दुसरं आणि तिसरं वाक्य अदलाबदल करून वाचा. काही बिघडलं नाही, तर ती नुसती यादी आहे. इथे बिघडतं, कारण तिसरं वाक्य दुसऱ्यावरचा आक्षेप आहे. पाचव्या मिनिटात शेवटचं वाक्य ठरवा आणि प्रत्येक मुद्द्यापुढे घड्याळातली वेळ टाका.

एखादं सुभाषितवजा वचन विषय म्हणून आलं, तर मात्र अर्थ लावण्यातच दहा मिनिटं जातात. ही पाच मिनिटं त्यानंतरची. आणि लिहिताना मागे पडलात, तर चौथ्या मुद्द्यातली उदाहरणं कमी करा. तिसऱ्या मुद्द्यातला आक्षेप गाळू नका; तो गेला, तर निबंध एकतर्फी होतो.