दार उघडतं, पण सेल्फ लागत नाही

गैरसमज : रिमोटने दारं उघडली, म्हणजे चावी ठीक आहे.

गाडी सुरू झाली नाही की हे वाक्य हमखास ऐकू येतं. मग संशय थेट स्टार्टरवर आणि बॅटरीवर जातो. पण दार उघडणं आणि इंजिनाला परवानगी देणं ही कामं चावीतले दोन वेगळे भाग करतात, आणि बऱ्याच चाव्यांत त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो. बटण दाबल्यावर काम करतो तो रिमोट. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास संदेश सोडतो आणि त्यासाठी त्याला छोटा गोल सेल लागतो. दुसरा भाग म्हणजे ट्रान्सपाँडर चिप. तिला सेल नसतोच. चावी खोचण्याच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असलेली एक रिंग असते. इग्निशन चालू केलं की त्या रिंगमधल्या, बहुधा १२५ किलोहर्ट्झच्या, चुंबकीय क्षेत्रातून चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ओळख पटली तरच इंजिन सुरू होतं. हा संवाद जेमतेम काही सेंटिमीटरवरून होतो.

गैरसमज : मग सेल बदलला की झालं.

खोचून फिरवायच्या चावीत सेल संपला तर रिमोट मरतो, इंजिन मात्र सुरू होतं. नेमकं उलट घडत असेल, तर नवा सेल म्हणजे वाया गेलेले पैसे. बटण-स्टार्टच्या गाड्यांचं गणित वेगळं. तिथे सेल अशक्त झाला की फोब ओळखला जात नाही, म्हणून तो स्टार्टच्या बटणाला टेकवून किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी ठेवून गाडी सुरू करायची सोय असते. तिथेही शेवटी कामाला येते ती सेलविना चालणारी चिपच.

आता गॅरेजवाल्यांना चांगलं ठाऊक असलेलं प्रकरण. चावीचं कव्हर झिजलं, बटणांचं रबर फाटलं, म्हणून रस्त्यावरच्या किल्लीवाल्याकडून नवं कव्हर घातलं. त्याने आतली रिमोटची पाटी काढून नव्या कव्हरात बसवली, पातं कापून दिलं. दारं उघडतात, चावी कुलपात सहज फिरते, पण गाडी ढिम्म. कारण अनेक चाव्यांत चिप त्या पाटीवर नसते. काचेच्या बारीक नळीसारखी किंवा काळ्या वडीसारखी ती कव्हराच्या खोबणीत वेगळी चिकटवलेली असते, आणि ती जुन्या कव्हरासोबत मागे राहते. खात्री करणं सोपं आहे. जुनं कव्हर कुलपाच्या रिंगला चिकटवून धरा आणि नवी चावी फिरवा. गाडी सुरू झाली तर चिप त्यातच आहे. ती अलगद काढून नव्या कव्हरात बसवायची. काचेची चिप पकडीने दाबली तर फुटते, हे काम घाईचं नाही. आणि जुनं कव्हर फेकून दिलं असेल, तर नवी चिप घेऊन ती गाडीला ओळखायला शिकवावी लागते.

जुनं कव्हर हाताशी नसलं तरी घरातली दुसरी चावी हे उत्तम परीक्षायंत्र आहे. मात्र दोन्ही चाव्या एकाच जुडग्यात नकोत. शेजारची चिपही उत्तर देऊ लागते आणि वाचनात गोंधळ होतो. दुसऱ्या चावीने गाडी सुरू झाली, तर दोष पहिल्या चावीत. दोन्हींनी नाही झाली, तर रिंग, तिची वायर किंवा इमोबिलायझरचं मॉड्यूल तपासायचं.

गैरसमज : लाल दिवा लुकलुकतोय, म्हणजे इमोबिलायझर बिघडला.

गाडी लॉक असताना संथपणे लुकलुकणारा दिवा पहारा चालू असल्याचं सांगतो. महत्त्वाचं आहे ते इग्निशन चालू केल्यानंतरचं वागणं. बऱ्याच गाड्यांत दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला पाहिजे. तो भराभर लुकलुकत राहिला तर चावी ओळखली गेलेली नाही. फोर्डच्या अनेक जुन्या गाड्यांत असं सुमारे एक मिनिट झाल्यावर दिवा आकडे मोजून दाखवतो : एकदा, थांबा, मग तीनदा, म्हणजे १३. चिपकडून काहीच उत्तर आलं नाही, असा त्याचा अर्थ. १५ दिसला तर चिप आहे, पण गाडीच्या ओळखीची नाही. वरच्या प्रकरणात १३ची अपेक्षा करायची.

गैरसमज : सेल्फ लागत नाही, म्हणजे चिपच.

हेही सरसकट खरं नाही. काही गाड्यांत इमोबिलायझर स्टार्टरच अडवतो. काहींत सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण इंधन किंवा स्पार्क मिळत नाही, किंवा इंजिन क्षणभर चालून बंद पडतं. दिवा नीट विझत असेल आणि तरी सेल्फ लागत नसेल, तर चावीला दोष देऊ नका. क्लच पूर्ण दाबलाय का, ऑटोमॅटिक गिअर पार्कमध्ये आहे का, चावी फिरवताच डॅशबोर्ड मंदावतो का किंवा टकटक आवाज येतो का, ते पाहा. बॅटरीचा व्होल्टेज फार पडला तर चिप वाचण्यातही चूक होऊ शकते, म्हणून आधी तिचं माप घ्या.

बॅटरीची वायर काढून ठेवल्याने ओळख ‘रीसेट’ होत नाही. चाव्यांचे कोड वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत असतात. नवी चावी शिकवायला साधारणपणे स्कॅनर लागतो. फोर्डच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांत मात्र ओळखीच्या दोन चाव्या हाताशी असतील, तर त्या ओळीने खोचून इग्निशन चालू-बंद करायचं आणि लगेच काही सेकंदांत तिसरी नवी चावी खोचायची, की गाडी तिला स्वीकारते. चाव्यांपैकी एकच उरली असेल, तर ही सोय चालत नाही.