रान तुटले म्हणजे पाऊस कोठे जातो?

शाळेतील निबंधाच्या वहीत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे : ‘झाडे तोडल्यामुळे पाऊस कमी होतो व शेती बुडते.’ वाक्य सर्वस्वी खोटे नव्हे; परंतु त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच दाव्याला बांधल्या आहेत. आपल्या सह्याद्रीचे उदाहरण घेऊन त्या सोडवून पाहू.

प्रथम, रान तुटले कशाने? मुंबईच्या गोदीतील जहाजांसाठी साग गेला. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावू लागली, आणि पुढे लोहमार्ग वाढत गेला तसतसे त्याखालच्या लाकडी पट्ट्यांसाठी साग आणि इतर टणक लाकूड लागू लागले. शहरांतील शेगड्यांसाठी कोळशाच्या भट्ट्या पेटल्या. कोकणातील शेतकऱ्याने भाताचे रोप करण्यापूर्वी राब भाजण्याकरिता ऐनाच्या फांद्या खुडल्या. रत्नागिरी व सिंधुदुर्गाकडे बरेचसे रान खाजगी मालकीचे असल्यामुळे अडचणीच्या वेळी ते विकण्याचा मोह पडतो; आणि साफ केलेल्या उतारावर काजू किंवा रबर उभे राहते.

आता पावसाचा प्रश्न. अरबी समुद्रावरून येणारा ओला वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आदळून वर चढतो, थंड होतो व पाणी टाकतो. म्हणूनच महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि घाट उतरून वाईस पोहोचावे तर तो हजाराच्याही आत येतो. हा भेद डोंगराने केलेला आहे, रानाने नव्हे. झाड तोडल्याने डोंगर ठेंगणा होत नाही. मात्र झाडे मुळांनी ओढलेले पाणी पानांवाटे पुन्हा हवेत सोडतात, आणि ते वाऱ्याबरोबर दूर जाते. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१८ साली दाखविले, की मान्सून दुर्बल असतो अशा वर्षी तमिळनाडूच्या नैर्ऋत्य मान्सूनच्या पावसात पश्चिम घाटातील रानांच्या या बाष्पाचा वाटा चाळीस टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे रान येथे तुटते आणि पावसाची तूट शेकडो कोस पलीकडल्या शेतकऱ्यास भोगावी लागते.

मग तोडलेल्या रानाच्या पायथ्याशी असलेल्या शेताचे काय? तेथे प्रश्न पडणाऱ्या पावसाचा नसून पडलेल्या पावसाचा असतो. एक एकर उतारावर पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी आले. रानात ते आधी पाचोळ्यावर पडते, आणि कुजलेल्या मुळांच्या व किड्यामुंग्यांच्या वाटांनी हळूहळू जमिनीत मुरते. उघड्या उतारावर थेंबाचा मार मातीस बसतो. बारीक गाळ मातीची छिद्रे बुजवितो, वर कवच धरते आणि पाणी धावू लागते. समजा, निम्मेच वाहिले, तरी दहा एकरांवरून पाच लाख लिटर पाणी एका तासात ओढ्यास मिळते. ते बांध फोडते व भाताच्या खाचरात दगडगोटे पसरते. पुढे आश्विनात पाऊस ओसरतो आणि भात निसवण्याच्या सुमारास डोंगरातून झिरपणारी ओल हवी असते, ती मिळत नाही. भातामागून त्याच ओलीवर येणारा वाल हुकतो. वैशाखापर्यंत टिकणारा झरा पौषातच आटतो. माती पुरती धुपून जांभ्याचा कातळ उघडा पडला, म्हणजे हे नुकसान मनुष्याच्या हयातीत भरून येत नाही.

गावात असे घडत आहे की नाही, हे ओढ्यावरून ओळखावे. सर थांबल्यावर पाणी लाल गढूळ राहून काही तासांतच ओसरत असेल, तर माथा उघडा पडला आहे असे समजावे. ते बऱ्यापैकी निवळ असून सावकाश उतरत असेल, तर माथ्यावरची माती अद्याप पाणी धरते.

दोन मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दिवसचे दिवस कोसळून जमीन तुडुंब भरली, म्हणजे दाट रानही पूर अडवू शकत नाही. तसेच कोणतेही झाड लावले म्हणजे काम झाले, असे नाही. निलगिरी भराभर वाढते आणि पाणीही तितकेच पिते, त्यामुळे झऱ्याचे पाणी घटू शकते. सागाच्या रुंद पानांवर थेंब एकत्र होऊन मोठा होतो. खालचा पाचोळा वणव्यात जळालेला असेल, तर तोच मोठा थेंब उंचावरून पडून माती उखडतो. मातीचे रक्षण शेंड्यापेक्षा पायथ्याचा पाचोळा आणि झुडुपे अधिक करतात. म्हणून झऱ्याच्या वरच्या अंगाचा उतार प्रथम राखावा, तेथे वणवा लागू देऊ नये व गुरे चारू नयेत. ऐन, किंजळ अशा झाडांचे बुंधे जमिनीत जिवंत असतील, तर त्यांना आपोआप धुमारे फुटतात.